हात न लावता केलेली तपासणी

माझ्या माहेरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीला जायचे, आई कांड्या भरायची. मी फिजिओथेरपीची पदवी घेतली तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला तो शब्द धड म्हणता येत नव्हता. एक चुलती म्हणाली होती, "म्हंजे मालिशच की! त्याला एवढी वर्षं शिकायला लागतंय व्हय?" तो टोमणा मी विसरले नाही. पुढं कोल्हापुरात क्लिनिकमध्ये नोकरी लागली, शिवाजी पेठेत लग्न झालं, तरी माझ्या बोलण्यात एक ताठपणा राहिला. मला येतं ते मला येतं, हे मी कुणालाही तोंडावर सांगायची. आजही सांगते. फक्त या एका गोष्टीपाशी आले की आवाज खाली येतो.

माझे सासरे शिंपी. त्यांना मी मामा म्हणते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागं आम्ही राहतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. नवरा टर्नर, गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात. लग्न ठरवताना बाकीचे माझा रंग बघत होते, स्वयंपाक येतो का विचारत होते. मामांनी एवढंच विचारलं, "लग्नानंतर काम सोडणार न्हाईस न्हवं?" मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग झालं." आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, "आमची सून डॉक्टर हाय." मी दोनदा समजावलं की मामा, मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट. ते म्हणाले, "त्येच की."

मे-जून हा मामांचा शाळेच्या गणवेशांचा हंगाम. पायाने चालवायचं जुनं मशीन, लाकडी स्टूल, सकाळी बसले की जेवायलाच उठायचे. अशाच एका मेमध्ये ते उठताना उजव्या बाजूला हात ठेवून थबकायला लागले. बाईमाणसासमोर त्या जागेचं नाव घ्यायचं नाही म्हणून म्हणायचे, "बसायच्या जागी आत दुखतंय." मग दुखणं मांडीच्या मागून खाली उतरायला लागलं. लोक दुकानात येऊन सल्ले देत होते. कुणी म्हणे सायटिका, कुणी म्हणे गादी सरकली. तालमीतला एक मालिशवाला तर टाचेने तुडवून देतो म्हणून मागं लागला होता. मामा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "आमच्या घरात डॉक्टर हाय."

आता मला काय वाटत होतं ते सांगायला पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी कळंब्याचा एक रिक्षावाला आमच्या क्लिनिकला आला होता. कुल्ल्यात खोल दुखणं, मांडीच्या मागं जाणारं, बसलं की वाढणारं. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी थोडी फुगलेली दिसत होती आणि त्याला कुणीतरी ऑपरेशनचं सांगितलं होतं. माणूस रडकुंडीला आलेला. मी त्याला पालथा घालून, उताणा घालून, सगळं तपासलं. पायात ताकद पूर्ण, संवेदना पूर्ण, हातोडीने गुडघा-घोटा तपासला तर दोन्ही बाजू सारख्या. पाय सरळ उचलला तर कळ येत नव्हती. पण कुल्ल्याच्या मधोमध खोल दाबलं की ओरडायचा, आणि गुडघा वाकवून मांडी आतल्या बाजूला वळवली की तेच दुखणं जसंच्या तसं यायचं. तिथं आत पिरिफॉर्मिस नावाचा एक छोटा स्नायू असतो, माकडहाडापासून खुब्यापर्यंत आडवा. पायाची मोठी नस त्याच्या खालून जाते. तासन्‌तास बसून तो आखडला की नसेला डिवचतो. रिक्षावाल्याच्या मागच्या खिशात जाड पाकीट होतं, वर्षानुवर्षं त्याच्यावरच बसत होता. पाकीट काढायला लावलं, ताण द्यायचे व्यायाम शिकवले, दर अर्ध्या तासाला उतरून चालायला लावलं. दीड महिन्यात बरा झाला. पेढे घेऊन आला आणि क्लिनिकभर सांगत सुटला की या बाईंनी माझी पाठ फाडण्यापासून वाचवली.

त्या पेढ्यांची चव माझ्या जिभेवर होती. मामांचं ऐकलं तेव्हा मला रिक्षावालाच दिसला. स्टूल, बसणं, कुल्ल्यात दुखणं. तपासायच्या आधीच माझं ठरलं होतं.

तरी तपासायचं तर होतं. आणि इथं अडलं. आमच्यात डोक्यावर पदर घेत नाहीत, मी सलवार-कुडता घालून स्कूटरवरनं क्लिनिकला जाते, दिवसभर परक्या पुरुषांचे पाय, पाठी, कंबरा हाताळते. पण घरात सासऱ्याला पालथं झोपवून त्या जागी अंगठा रुतवायचा, हे मला जमेना. मामा नको म्हणाले असं नाही. त्यांना विचारलंच नाही. क्लिनिकमध्ये आमचे मोठे सर होते, पुरुष होते, अनुभवी होते. मामांना त्यांच्याकडं नेलं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं. पण तेव्हा वाटलं, घरचं एवढंसं दुखणं मला कळत नाही म्हणून सरांकडं नेऊ काय?

म्हणून एका रविवारी सकाळी मी नवऱ्याला पुढं केलं. मामा आतल्या खोलीत कॉटवर पालथे, अंगावर ढगळ लेंगा, वर चादर. मी उंबऱ्यावर उभी.

"माकडहाडाच्या बाजूला हात ठेवा," मी म्हटलं. "तिथनं खुब्याच्या हाडापर्यंत रेघ धरा. तिच्या मधोमध अंगठा. दाबा."

"कुठं मधोमध? मला काय मोजपट्टी दिलीयास काय?"

"जरा खाली. दाबा जोरात."

मामा ओरडले, "आईगं! अरं लेका, बापाला मारतूस काय!"

"मी न्हवं, तुमची डॉक्टर सांगाय लागलीया," नवरा म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. मला ते हसणं आठवतं, कारण ते ओरडणं ऐकून मी आतून खूश झाले होते. बरोबर जागी सापडलं होतं.

मग उताणं झोपवून पाय सरळ वर उचलायला सांगितला. नवऱ्याने उचलला. बराच वर गेला. मामा म्हणाले, "मागं ओढतंय थोडं." मी म्हटलं, शिरा आखडल्यात, वयाने आखडतात. तो लेंगा एवढा ढगळ होता की आत गुडघा सरळ आहे का वाकलाय हे उंबऱ्यावरून दिसत नव्हतं. ही तपासणी करताना गुडघा ताठच राहिला पाहिजे. दुखायला लागलं की माणूस नकळत तो वाकवतो, नसेवरचा ताण सुटतो आणि पाय हवा तेवढा वर जातो. विद्यार्थी असताना याच चुकीवर आम्हाला बाईंनी शंभरदा टोकलं होतं. नवऱ्याला कुणी टोकणार? तो लेथवर काम करणारा माणूस.

हातोडी क्लिनिकमध्ये होती. आणलीच नव्हती. आणि एक तपासणी अशी होती जिला कुणाचाच हात लागत नाही. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला, एवढं म्हणायचं. घोट्याची, अंगठ्याची ताकद उघडी पडते. पण सासऱ्याला, तेही हंगामाच्या दिवसात, लहान पोरासारखं खोलीभर टाचांवर चालायला लावायचं मला अवघड वाटलं. आणि वाटलं, गरज काय? सापडलंय की. त्या दिवशी ते कदाचित नीट चाललेही असते. पण दर आठवड्याला चालवून बघितलं असतं तर कधी बिघडलं ते कळलं असतं.

मी उंबऱ्यावरूनच निकाल दिला. "मामा, मणक्याचं काही नाही. नस चांगली आहे. स्नायू आखडलाय, बसून बसून. व्यायामानं जाईल."

मामा चादर सारून उठले आणि मुलाला म्हणाले, "बघ. उगंच मशीनमधी घालून फोटू काढा म्हणत हुतास."

व्यायाम मी शिकवले. गुडघा विरुद्ध खांद्याकडं ओढायचा, पायावर पाय टाकून पुढं वाकायचं, कुल्ल्याखाली चेंडू ठेवून बसायचं. मामांनी ते गणवेशाच्या मापासारखे काटेकोर केले. जून सरला, शाळा सुरू झाल्या, काम कमी झालं, बसणं कमी झालं. दुखणं उतरलं. मला वाटलं व्यायामाने. आता वाटतं, नुसतं बसायचं थांबल्यामुळं. जास्त वेळ वाकून बसलं की मणक्यातल्या गादीवरही दाब येतो. म्हणजे बसून वाढणं आणि उठून कमी होणं हे दोन्हीकडं सारखंच. मी ते एकाच बाजूने वाचत होते. ते वाकायचे व्यायाम फुगलेल्या गादीला काय करत होते हे मला नक्की माहीत नाही. चांगलं करत नसणार, एवढं कळतं.

जुलैत ते परत सुरू झालं आणि या वेळी गुडघ्याखाली गेलं. मामांनी मला सांगितलं नाही. पण दिसत होतं, बघायचं असतं तर. त्यांना तपकिरीची सवय. शिंक यायच्या आधी ते मशीनची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरायला लागले होते. शिंकेला, खोकल्याला पायात कळ उतरते ती मणक्यातल्या दबलेल्या नसेत. स्नायूचं दुखणं सहसा तसं वागत नाही. मी ते रोज बघत होते आणि म्हातारपणाची सवय म्हणून सोडून देत होते. मशीनही अडखळायला लागलं होतं. मामांनी पट्टा सैल झालाय म्हणून मुलाकडून तो आवळून घेतला. पट्ट्याला काही झालं नव्हतं. मशीनचा खालचा पायटा टाचेनं दाबायला, चवडा उचलायला जी ताकद लागते ती जात होती.

पंचमीला मी माहेरी निघाले होते. नवरा बाहेर गाडी चालू करून उभा. निघताना सासऱ्याच्या पाया पडायचं ही आमच्याकडची रीत. मामा खुर्चीत बसले होते. त्यांना कुणी पाया पडलेलं आवडायचं नाही, वाकलं की "असूंदे, असूंदे" म्हणत दोन्ही पाय मागं ओढून घ्यायचे. त्या दिवशीही मी वाकले, ते म्हणाले, "असूंदे." डावं पाऊल उचलून मागं गेलं. उजवं फरशीवरून घासत गेलं. चवडा उचललाच नाही.

मी वाकलेली होते, हात पावलावर होता. तशीच खाली बसले.

"मामा, दोन्ही पायांचे अंगठे वर करा."

"का गं?"

"करा."

डावा सहज वर झाला. उजव्याच्या वरची शीर थोडी थरथरली आणि अंगठा तिथंच पडून राहिला. मी पावलावर तळवा ठेवून म्हटलं, "माझा हात वर ढकला." काहीच नाही. नखाने पावलाच्या पाठीवरून ओढलं, "कळतंय?"

"कळतंय की. जाड कापडावरनं बोट फिरवल्यागत."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी विचारलं, "कधीपासून?"

मामांनी पाऊल खुर्चीखाली सारलं. मग म्हणाले, "झालं की तीनेक आठवडं. रंकाळ्यावर फिराय गेलतो. मागनं एकजण वरडाय लागला, 'ओ पावणं, चप्पल ऱ्हायली!' मागं बघतो तर चार पावलं मागं चप्पल पडलीया. पायातनं निसटल्याली कळलीच न्हाय मला."

"मग मला का सांगितलं नाही?"

"तू म्हणालीस न्हवं, नस चांगली हाय म्हणून."

"मामा, तरी सांगायचं की!"

ते खाली बघत म्हणाले, "सगळ्या पेठंला सांगून बसलो हुतो, आमच्या सुनेनं बघितलंय म्हणून. परत कसं म्हणायचं, की न्हाय बरोबर सांगितलं?"

मी त्यांच्या पायापाशी बसलेली होते, माहेरी न्यायचा डबा शेजारी ठेवलेला. त्याच पावलांना मी प्रत्येक सणाला हात लावत होते. मे महिन्यात एकदा लावायला पाहिजे होता, तेव्हा लावला नव्हता.

माहेरी गेले नाही. त्याच दिवशी एमआरआय झाला. खालून दुसरी गादी फुटून उजव्या बाजूच्या नसेवर बसली होती. मेंदू-मणक्याच्या सर्जननी मामांना विचारलं, लघवीला त्रास होतो का, बसायच्या जागेभोवती बधिर वाटतं का. नाही म्हटल्यावर ते थोडे सैल झाले. मग त्यांनी तेच केलं जे मी मे महिन्यात करायला पाहिजे होतं. लेंगा वर सरकवला, गुडघ्यावर हात ठेवला, पाय सरळ ठेवून उचलला. वीतभरही गेला नाही तोवर मामांचा चेहरा पांढरा पडला.

"आधी कुणाला दाखवलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणाला न्हाय," मामा लगेच म्हणाले.

मी म्हटलं, "मी बघितलं होतं. फिजिओथेरपिस्ट आहे मी. पिरिफॉर्मिस म्हणून व्यायाम दिले."

डॉक्टर माझ्याकडं वळले. वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "तिथं दाबल्यावर दुखलं असेल."

"हो."

"नस मणक्यात दबली तरी तिथं दुखतं. पाय उचलून बघितला नव्हता?"

"बघितला होता. मी उचलला नव्हता."

मला काय म्हणायचं होतं ते त्यांना समजलं का माहीत नाही.  ताकद गेल्याला तीन आठवडे झाले आहेत, नस मोकळी करू, पण किती परत येईल सांगता येत नाही, एवढं त्यांनी नवऱ्याला समजावलं. मला समजवायची गरज नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. पायातली कळ शुद्धीवर आल्या आल्या गेली. मामा वॉर्डात सगळ्यांना सांगत होते की बटण बंद केल्यागत दुखायचं थांबलं. आता त्यांचा पाय मी हातात घेते, रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी. कुणाला लाज वाटत नाही, ना त्यांना ना मला. घोटा वर, खाली, अंगठा वर. विजेचं यंत्र लावून स्नायू जागा करायचा. पहिल्या दोन महिन्यांत थोडी हालचाल आली, अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा उचलायला लागला. मग तिथंच थांबली. वर्ष झालं. आता याहून जास्त येईल असं मी पेशंटला सांगितलं नसतं, म्हणून मामांनाही सांगत नाही. त्यांनी विचारलं नाही. प्लॅस्टिकची पट्टी घालून पाऊल वर धरून ठेवतात. मशीन डाव्या पायाने चालवायला शिकले, पण शिवण पहिल्यासारखी सरळ येत नाही आणि ते त्यांना दिसतं. उसवून परत घालतात. शाळांची मोठी कामं आता दुसऱ्या शिंप्याकडं गेली.

नवऱ्याने मला कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाला, "मी पाय उचलला तवा गुडघा वाकला हुता. मला जाणवलंतं. मला काय म्हाईत, त्ये सांगायचं असतंय." मी म्हटलं, "तुमची चूक नाही." 

सरांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. क्लिनिकमध्ये शिकायला येणाऱ्या पोरींना मी आता पहिल्या दिवशी सांगते की घरच्या माणसाला स्वतः तपासू नका, आणि तपासलंच तर हात लावून तपासा. टाचांवर चालवल्याशिवाय कुणालाही "मणक्याचं काही नाही" म्हणू नका. मी हे कुठून शिकले ते सांगत नाही.

गेल्या आठवड्यात क्लिनिकहून आले तर दुकानात एक बाई मुलीचा ड्रेस टाकायला आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याला पण बसून कंबर आणि पाय दुखायला लागलेत म्हणे. मामा टेप गळ्यात घालून त्यांना सांगत होते, "आमच्या सुनेकडं धाडा. मला बी आसंच झालतं. हिनं पायाला हात लावला आन् क्षणात सांगितलं, नस हाय म्हणून. त्याच दिवशी दवाखान्यात. न्हाईतर हातरुणातच पडलो असतो मी."

"नशीबवान हाय तुमी," त्या बाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून हसल्या.

मला कुणाचंही खोटं बोलणं तोंडावर तोडायची सवय आहे. बापाचंही तोडलंय. मी पर्स खांद्यावर घेऊन दारात उभी राहिले आणि बोलले नाही. मामा ड्रेससाठी अस्तराचं कापड काढायला उठले. गुडघा उंच उचलून, पाऊल पुढं टाकून, ते कपाटापर्यंत गेले. पट्टी काढून ठेवलेली होती, त्यामुळं प्रत्येक पावलाला चवडा फरशीवर फटकन आपटत होता. बाईंची नजर त्या पायावर गेली.

"पायाला काय झालंय, मामा?"

"त्यो? त्यो आधीपासनंच आसा हाय," मामा कपाटात तोंड घालून म्हणाले. "वय झालं की आता."